तांब्याच्या प्लेटवर उकळणारं पाणी: रोझेनाऊच्या सूत्रातून हीट फ्लक्स कसा काढायचा आणि त्यातला C_sf कुठून आणायचा

चहाचं आधण ठेवलं की पातेल्याच्या तळाशी आधी बारीक मण्यांसारखे बुडबुडे चिकटतात. ती वाफ नसते, पाण्यात विरघळलेली हवा असते. खरी वाफ नंतर येते: तळाच्या ठराविक ठिपक्यांतून एकामागून एक बुडबुडा सुटतो, वर जातो आणि त्याच ठिपक्यातून पुढचा फुगतो. यालाच न्यूक्लिएट बॉइलिंग म्हणायचं. पाणी पंपाने ढकललेलं नसेल, नुसतं साचलेलं असेल, तर पूल बॉइलिंग. हा लेख एवढ्याच प्रकारापुरता आहे: सपाट, आडवी, खालून तापवलेली प्लेट आणि तिच्यावर वातावरणीय दाबाखाली उकळणारं पाणी.

मी वर्षानुवर्षं पुण्यात हे प्रॅक्टिकल घेतो. दर वर्षी एखादी बॅच पुस्तकातला C_sf, म्हणजे सूत्रातला प्लेट आणि पाणी या जोडीचा आकडा, घालून उत्तर काढते, मोजलेल्या आकड्याशी ते जुळत नाही आणि मग चेहरे पडतात. "सर, पन्नास टक्के एरर येतेय." चूक बहुतेक वेळा गणितात नसते. बऱ्याचदा ती तीन ठिकाणी असते, आणि ती तिन्ही ठिकाणं खाली ओघाने येतील.

सूत्र

अमेरिकेतल्या एमआयटीचे वॉरन रोझेनाऊ यांनी १९५२ मध्ये हे समीकरण मांडलं:

```
q = mu * hfg * [ g*(rho_l - rho_v)/sigma ]^0.5 * [ cp*dT / (C_sf * hfg * Pr^n) ]^3
```

q म्हणजे हीट फ्लक्स, दर चौरस मीटरमागे किती वॉट. dT म्हणजे प्लेटच्या पृष्ठभागाचं तापमान वजा पाण्याचा उत्कलनबिंदू. खोलीचं तापमान यात कुठेच येत नाही. mu हा द्रव पाण्याचा चिकटपणा, hfg हा बाष्पनाचा अप्रकट उष्मा, sigma म्हणजे पृष्ठताण, rho_l आणि rho_v म्हणजे द्रव पाण्याची आणि वाफेची घनता, g म्हणजे गुरुत्व त्वरण. cp म्हणजे विशिष्ट उष्मा आणि Pr म्हणजे प्रांटल अंक, दोन्ही द्रव पाण्याचे. पाण्यासाठी n = 1. बाकीच्या बहुतेक द्रवांसाठी 1.7 घेतात.

सूत्रातला पहिला चौकोनी कंस नीट पाहिला तर त्यात बुडबुड्याचा आकार लपलेला आहे. त्या वर्गमुळाचा व्यस्त काढला की पाण्यासाठी सुमारे २.५ मिलिमीटर येतात. बुडबुड्याला वर ओढणारं उत्प्लावक बल आणि त्याला प्लेटला धरून ठेवणारा पृष्ठताण यांची बरोबरी साधारण याच लांबीवर होते. रोझेनाऊंची मूळ कल्पना अशी की सुटणारा बुडबुडा जवळचं पाणी ढवळतो आणि उष्णता मुख्यतः त्या ढवळण्यामुळे जाते. म्हणून सूत्रात पाण्याचे गुणधर्म जास्त दिसतात, वाफेचे कमी.

प्लेट मात्र सूत्रात एकाच ठिकाणी येते, C_sf मध्ये. धातू कोणता, त्यावर घासकाम कसं झालंय, पाणी त्यावर कितपत पसरतं, बारीक खाचांत किती वाफ अडकून राहते, हे सगळं या एका आकड्यात कोंबलेलं आहे. पाण्याबरोबर नेहमी वापरले जाणारे आकडे असे: पॉलिश केलेलं तांबं 0.0128, ओरखडे मारलेलं तांबं 0.0068, यांत्रिक पॉलिश केलेलं स्टेनलेस स्टील 0.0132, ग्राइंड करून पॉलिश केलेलं स्टेनलेस स्टील 0.0080, पितळ 0.0060.

C_sf घनाच्या आत आणि छेदात बसलेला आहे. 0.0128 च्या जागी 0.0068 घातला तर फ्लक्स जवळजवळ पावणेसात पट होतो. धातू तोच, पाणी तेच, तापमान तेच. फरक फक्त ओरखड्यांचा. हे लक्षात ठेवूनच पुढे जाऊ.

पाण्याचे गुणधर्म एकदाच मांडून घ्या

सगळे गुणधर्म संपृक्त तापमानाला घ्यायचे, म्हणजे १०० अंशांच्या आसपास. इथे एक चूक हमखास होते: विद्यार्थी खोलीच्या तापमानाचा तक्ता उघडतात. २० अंशांना पाण्याचा प्रांटल अंक सातच्या आसपास असतो, १०० अंशांना तो 1.76. पाण्यासाठी तोही घनात जातो, त्यामुळे एवढ्या एका चुकीने उत्तर साठ पटींहून जास्त खाली येतं.

```
rho_l = 957.9 kg/m3     rho_v = 0.596 kg/m3
mu    = 279e-6 Pa.s     sigma = 0.0589 N/m
cp    = 4217 J/kg.K     hfg   = 2.257e6 J/kg
Pr    = 1.76            g     = 9.81 m/s2
```

आता dT = 10 धरून एकदा हाताने करून पाहू.

```
mu*hfg                       = 629.7
[9.81*957.3/0.0589]^0.5      = 399.3
गुणाकार                       = 251400 W/m2

cp*dT/hfg                    = 0.01868
C_sf*Pr = 0.0128*1.76        = 0.02253
भागाकार 0.829, त्याचा घन      = 0.570

q = 251400 * 0.570           = 143400 W/m2
```

म्हणजे १४३ किलोवॅट प्रति चौरस मीटर. हा आकडा मी पाठच करून टाकला आहे, कारण त्यातून एक सोयीचं रूप निघतं. वातावरणीय दाब आणि पॉलिश केलेलं तांबं असेल तर

```
q = 0.143 * dT^3      (q किलोवॅट/चौ.मी. मध्ये)
```

एककांची चूक झाली तर ती ओळखणं सोपं आहे. cp किलोज्यूलमध्ये आणि hfg ज्यूलमध्ये घातला तर कंसातला हजाराचा फरक घनात जाऊन अब्जाचा होतो आणि उत्तर मिलिवॉटच्या खाली जातं. दोन्ही किलोज्यूलमध्ये घातले तर कंस बरोबर राहतो, पण बाहेरचा hfg हजार पट कमी पडतो आणि उत्तर १४३ येतं. मग विद्यार्थी म्हणतो, "बरोबरच आहे की सर." आकडा बरोबर आहे खरा, पण त्याच्यापुढे त्याने वॉट लिहिलेलं असतं.

उत्कलनबिंदू: पुण्यात पाणी १०० ला उकळत नाही

तीनपैकी पहिलं ठिकाण हे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो आणि पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. मुंबईत १०० धरून चालतं, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास धरावं लागेल.

दोन अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण प्लेट १०८.१ वर असेल तर खरा dT दहा आहे. १०० धरणाऱ्याला तो ८.१ दिसतो, आणि ८.१ चा घन हा दहाच्या घनाच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. "पन्नास टक्के एरर" नेमकी इथून येते.

पुस्तकावर विसंबू नका, त्या दिवशीच्या दाबावरून उत्कलनबिंदू काढा किंवा थेट पाण्यातच मोजा. थर्मोकपल प्लेटच्या जवळ, पण तिला न टेकवता, पाण्यात सोडायचं. प्लेटवर दहा सेंटिमीटर पाणी असेल तर त्या पाण्याच्या वजनानेही तळाचा उत्कलनबिंदू पाव अंशाने वाढतो. पाव अंश सोडला तरी चालेल, दोन अंश सोडून चालणार नाही.

मांडणी

आमची मांडणी साधी आहे. तांब्याचा ठोकळा, वरचं तोंड ४० मिलिमीटर व्यासाचं, पॉलिश केलेलं. खालच्या जाड भागात कार्ट्रिज हीटर. ठोकळ्याच्या मानेत मध्यरेषेपर्यंत दोन बारीक भोकं, एक पृष्ठभागाखाली ५ मिलिमीटरवर आणि दुसरं २० मिलिमीटरवर. दोन्हींत एकेक थर्मोकपल. मानेभोवती टेफ्लॉनची कॉलर, वर काचेचं भांडं. भांड्यात एक वेगळा छोटा हीटर असतो, तो पाणी उकळतं ठेवतो. पाणी उत्कलनबिंदूच्या खाली राहिलं तर बुडबुडे वर जाताजाताच विरतात आणि तुम्ही मोजत असता ते दुसरंच काहीतरी.

तांब्याचाच हट्ट का? उष्णता वाहताना धातूच्या आतही तापमान उतरतं. दीडशे किलोवॅट प्रति चौरस मीटरला तांब्याच्या तीन मिलिमीटर जाडीत जेमतेम सव्वा अंश उतरतो. तीच जाडी स्टेनलेस स्टीलची असेल तर उतार अठ्ठावीस अंशांच्या घरात जातो. स्टीलच्या प्लेटला खालून थर्मोकपल चिकटवून "प्लेटचं तापमान" म्हणून सूत्रात घालणारे मी पाहिले आहेत. dT चाळीस दिसतो, सूत्र काही हजार किलोवॅट सांगतं आणि बिचारा हीटर दोनशे वॉटचा असतो. हे दुसरं ठिकाण. सूत्राला पाण्याला लागलेल्या पृष्ठभागाचं तापमान हवं असतं, आणि ते आतल्या दोन वाचनांवरून रेषा वाढवून काढावं लागतं.

थर्मोकपलचंही एक सांगतो. बाजारातल्या साध्या के टाइपला ±२.२ अंशांची सूट असते. dT साडेदहा असताना एवढी सूट दोन्ही बाजूंना धरली तर सूत्राचं उत्तर ८२ पासून २९४ पर्यंत कुठेही येऊ शकतं. यावर उपाय फुकट आहे. प्रयोगाआधी तिन्ही थर्मोकपल दोऱ्याने एकत्र बांधून त्याच उकळत्या पाण्यात बुडवायचे आणि तिघांत किती फरक आहे तो वहीत लिहून वजा करायचा. आपल्याला तापमानातला फरक हवा आहे, प्रत्येकाचं खरं तापमान नाही.

प्रयोग आणि एक वाचन

डिस्टिल्ड पाणी भरा. छोट्या हीटरने अर्धा-पाऊण तास नुसतं उकळू द्या, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाईल. मग ठोकळ्याचा हीटर हळूहळू वाढवत सर्वांत जास्त ठरवलेल्या फ्लक्सपर्यंत न्या आणि वाचनं खाली येताना घ्या. चढताना काही खाचा अजून जाग्या झालेल्या नसतात, त्यामुळे त्याच फ्लक्सला dT जास्त दिसतो. उतरताना जाग्या झालेल्या खाचा चालू राहतात आणि वाचनं स्थिर येतात. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं तापमान हललं नाही की मगच लिहायचं.

एका बॅचचं वाचन घेऊ. पाणी ९८.१. पाच मिलिमीटरवर १११.२, वीस मिलिमीटरवर ११९.०. मधल्या १५ मिलिमीटरमध्ये ७.८ अंश उतरले. तांब्याची उष्णता वाहकता ३९० धरली तर

```
q  = 390 * 7.8 / 0.015 = 202800 W/m2
Ts = 111.2 - 7.8*(5/15) = 108.6
dT = 108.6 - 98.1 = 10.5
```

वॉटमीटर २९० दाखवत होता. ठोकळ्याच्या वरच्या तोंडाचं क्षेत्रफळ 0.001257 चौरस मीटर, म्हणजे प्रत्यक्षात २५५ वॉटच वरून पाण्यात जात होते. बाकीचे ग्लासवूलमधून आणि कॉलरमधून बाजूला गेले. म्हणून फ्लक्स वॉटमीटरवरून काढू नका, धातूतल्या उतारावरून काढा. या २५५ वॉटने तासाला ४०० ग्रॅमच्या आसपास पाणी उडतं. वर कंडेन्सर नसेल तर पातळीवर लक्ष ठेवा, आणि गार पाणी ओतून ती भरू नका.

आता सूत्र काय म्हणतं ते पाहू. 0.143 गुणिले १०.५ चा घन, म्हणजे १६६. मोजलेलं २०३. फरक बावीस टक्के. बॅचमधली एक मुलगी म्हणाली, "सर, रीडिंग परत घेऊ?"

गरज नव्हती. तेच सूत्र उलटं वाचून पाहा. २०३ किलोवॅट प्रति चौरस मीटरसाठी dT किती लागेल? २०३ भागिले 0.143, त्याचं घनमूळ: ११.२. मोजलेलं होतं १०.५. चूक फक्त 0.7 अंशाची. सूत्र एकच, वाचन एकच. एका दिशेने वाचलं तर नापास वाटतं आणि दुसऱ्या दिशेने उत्तम. घन चूक फुगवतो, घनमूळ ती दाबतं. रोझेनाऊच्या सूत्रातून dT देऊन काढलेला फ्लक्स दुपटीनेही चुकू शकतो, पण फ्लक्स देऊन काढलेला dT सहसा पंचवीस-तीस टक्क्यांच्या आत राहतो. विजेच्या हीटरचं डिझाइन करताना वॉट आपण ठरवलेलेच असतात आणि पृष्ठभाग किती तापेल एवढंच हवं असतं. त्या कामाला हे सूत्र भरवशाचं आहे. उलट, स्टीम जॅकेटने प्लेटचं तापमान ठरवलेलं असेल आणि किती वाफ निघेल हे विचारलं असेल, तर उत्तरापुढे मोठं प्रश्नचिन्ह ठेवा.

तुमच्या प्लेटचा C_sf तुम्हीच काढा

तिसरं ठिकाण हेच. पुस्तकातला 0.0128 हा दुसऱ्या कुणाच्या तांब्याचा आहे. आपल्या वाचनावरून आपला आकडा काढणं सोपं आहे:

```
C_sf = 0.0128 * (166/203)^(1/3) = 0.0120
```

फ्लक्समधला बावीस टक्क्यांचा फरक C_sf मध्ये सहा-सात टक्क्यांवर आला. मग हाच आकडा वेगळ्या फ्लक्सला तपासायचा. वीज कमी करून घेतलेल्या पुढच्या वाचनात पाच मिलिमीटरवर १०७.६ आणि वीसवर १११.६ होते, म्हणजे फ्लक्स १०४ किलोवॅट आणि पृष्ठभाग १०६.३. आपल्या 0.0120 वरून अपेक्षित dT ८.४, मोजलेला ८.२. या वाचनातून C_sf 0.0116 निघतो. अशी चार-पाच वाचनं घेऊन सरासरी काढली की त्या प्लेटचा आकडा मिळाला. वाचनागणिक C_sf एकाच दिशेने सरकत असेल तर मात्र थांबा. थर्मोकपलची दुरुस्ती राहिली आहे, किंवा टेफ्लॉन आणि तांब्याच्या सांध्यातून बुडबुड्यांची रांग निघते आहे. काचेतून वाकून पाहिलं की ती दिसते: मधली प्लेट शांत आणि कडेने मात्र गोल माळ.

एकदा मी स्वतःच घोळ घातला होता. दोन बॅचच्या मध्ये प्लेटवर काळपट थर दिसला म्हणून हाताशी असलेल्या जाड्या एमरीने घासून काढला. पुढच्या बॅचचा C_sf एकदम 0.009 च्या खाली. मुलांनी दोन तास वायरी तपासल्या. वायरी ठीक होत्या, प्लेट बदलली होती. ओरखड्यांमुळे वाफ धरून ठेवणाऱ्या खाचा वाढल्या आणि कमी dT ला तेवढाच फ्लक्स जाऊ लागला. तेव्हापासून वहीत C_sf च्या शेजारी तारीख, एमरीचा नंबर आणि शेवटचं घासकाम कधी झालं ते लिहिलेलं असतं.

उलटंही होतं. नळाचं पाणी वापरलं तर काही दिवसांत पांढरा क्षार बसतो. थर एक दशांश मिलिमीटरचा असेल आणि त्याची वाहकता एकच्या आसपास धरली, तर दोनशे किलोवॅटला त्या थरातच वीस अंश उतरतात. आपण रेषा वाढवून काढतो ते तांब्याच्या पृष्ठभागाचं तापमान, पाणी लागतं क्षाराला. C_sf भलताच मोठा दिसू लागतो. तो आकडा खराब प्लेटचा नाही, क्षाराचा आहे. अशा वेळी सौम्य व्हिनेगरने थर उतरवायचा, घासायचं नाही.

सूत्र कुठे गप्प बसतं

dT साधारण पाच अंशांच्या खाली असेल तर बुडबुडे नीट सुटतच नाहीत, उष्णता नुसत्या पाण्याच्या अभिसरणाने जाते. तिथे हे सूत्र लावू नका.

वरची हद्द जास्त धोक्याची आहे, कारण सूत्र ती सांगत नाही. फ्लक्स वाढत गेला की बुडबुडे इतके दाटतात की पाण्याला खाली यायला वाट उरत नाही, प्लेटवर वाफेची चादर पसरते आणि तापमान उसळी घेतं. जपानच्या नुकियामांनी १९३४ मध्ये तारेवर उकळणाऱ्या पाण्याचा हा वक्र मांडला. हीटरने तापवलेल्या प्रत्येक मांडणीत तापमान उसळी घेण्याचा हा कडा आहेच. तो किती फ्लक्सला येतो याचा वेगळा हिशेब करावा लागतो:

```
q_max = 0.149 * hfg * rho_v * [ sigma*g*(rho_l - rho_v)/rho_v^2 ]^0.25
```

आपल्या आकड्यांनी हे साडेबाराशे किलोवॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास येतं. काही जण 0.149 ऐवजी 0.131 घेतात, तेव्हा अकराशे. यात C_sf नाही, पण तिथे पोचायला किती dT लागतो हे C_sf ठरवतं. पॉलिश केलेल्या तांब्यावर अकराशेला साधारण वीस अंशांवर पोचतो. ओरखडे मारलेल्या तांब्यावर 0.0068 धरला तर दहा अंशांनाच सूत्र ९५७ सांगतं, आणि पंधराला बत्तीसशे. बत्तीसशे हा आकडा कागदावरच राहतो, प्लेट त्याआधीच कोरडी झालेली असते. म्हणून रोझेनाऊचं प्रत्येक उत्तर आधी या मर्यादेशी ताडून पाहायचं.

आम्ही चारशे किलोवॅटच्या वर जात नाही. तेवढ्याला पृष्ठभाग ११२ आणि वीस मिलिमीटरवरचं थर्मोकपल १३३ च्या आसपास असतं, म्हणून कटऑफ १५० वर लावलेला आहे. कडा जवळ आला की आवाजही बदलतो. फुटत्या बुडबुड्यांची बारीक तडतड थांबते, जाड धपधप सुरू होते, आणि खालच्या थर्मोकपलचा आकडा वीज न वाढवताही चढायला लागतो. तो चढताना दिसला की वही बाजूला ठेवायची आणि आधी ठोकळ्याचा हीटर बंद करायचा. पाण्याचा छोटा हीटर चालूच राहू द्यायचा आणि भांड्यात गार पाणी ओतायचं नाही.